अनुभव धागा : ढब्बू कुठे गेला होता? (मुलांनी सांगितलेल्या, हरवून परत आलेल्या मांजरांच्या गोष्टी)

कौलारू

आमचं घर चिपळूणजवळच्या एका वाडीत. लेक सात वर्षांची. आमचा बोका ढब्बू गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून नाहीसा झाला आणि नऊ दिवसांनी रात्री आपला आपण परत आला. त्यावर लेकीने आजीला गोष्ट सांगितली. मी बाजूला भाजी निवडत होते, ती टाकून लिहून घेतली. व्याकरण तिचंच ठेवलंय.

"आमचा ढब्बू लाल आहे आणि जाडा आहे. तो गणपतीत रोज मखराच्या खाली बसायचा. सगळे म्हणायचे प्रसादासाठी बसतो. पण तो उंदराकडे बघायचा. गणपतीच्या पायाजवळ असतो तो उंदीर. तो हलत नाही. ढब्बूला वाटायचं आता हलेल, आता हलेल. मग गणपती पाण्यात गेले. उंदीर पण गेला. मग ढब्बूने एक दिवस वाट बघितली आणि तो पण गेला. बाबा म्हणाले, येईल. बाबा सगळ्याला येईल म्हणतात. मी त्याची वाटी धुतली नाही, कारण त्याला वास लागतो. पाऊस आला तर वास धुऊन जातो, म्हणून मी वाटीवर छत्री ठेवली. गणपतीचं गाव पाण्याखाली आहे. तिथे सगळे उंदीर हलतात. ढब्बूने एक पण खाल्ला नाही, कारण ते पाहुणे नाहीत, ते घरचे आहेत. पाहुणा ढब्बू होता. त्याला मोदक दिले, पण ढब्बू मोदक खात नाही. म्हणून तो बारीक झाला. मग त्याने दार वाजवलं. खूप वाजवलं. म्हणून त्याची नखं गेली. मग गणपती म्हणाले, जा बाबा घरी. तो आला तेव्हा त्याच्या मिशांना जाळी होती. ती पाण्यातल्या कोळ्याची. तो आधी पाणी प्यायला आणि मग माझ्या पायावर बसला. संपली."

आजीने विचारलं, पाण्याखालून आला तर ओला कसा नव्हता? उत्तर: "वाटेत वाळला."

तुमच्याकडच्या मुलांनी सांगितलेल्या अशा गोष्टी लिहा. तुमच्या लहानपणच्याही चालतील.

बोकोबा

यात गोष्ट कसली, बोका आहे तो! अंगात आलं की आठ-दहा दिवस फिरणारच. आमचा काळू वर्षातून दोन-तीनदा जायचा, कान फाटून, अंगाला घाणेरडा वास घेऊन यायचा. माझा मुलगा शाळेत सांगायचा, "आमचा काळू लढाईवर गेलाय." एकदा परत आल्यावर तीन-चार दिवस बरा होता, मग शेपटीच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ आली आणि फुटली. हळद लावली, झाला बरा. ताप वाटला तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यायची.

नऊवारी_ते_नोकरी

ताई, धीर सोडू नका. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाला की टॉर्च घेऊन निघा. टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरा, मांजराचे डोळे लांबून चमकतात. फार लांब जाऊ नका, घाबरलेलं मांजर चार-पाच घरांच्या आतच दडून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. लाकडाची मोळी, जिन्याखालची जागा, उभ्या गाडीचं बॉनेट बघा. आणि शेजाऱ्यांना नुसतं विचारू नका, त्यांना बंद खोली प्रत्यक्ष उघडायला लावा. सापडला की कळवा.

कौलारू

अहो, आलाय तो! शेवटचं वाक्य वाचा. :) पण टॉर्चचं लक्षात ठेवते. आम्ही भर दुपारी, सगळ्या वाडीत बोंबलत फिरलो होतो.

बोरूबहाद्दर

आमच्या लहानपणची सांगतो. पुण्यात सदाशिव पेठेतला वाडा, मी आठ वर्षांचा. मनी नावाची भाटी, पांढरी, पाठीवर काळा डाग. ती गेली. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी आली, गपागपा खाल्लं, माझ्याकडे ढुंकूनही न बघता पुन्हा गेली. मी बहिणीला गोष्ट सांगितली ती अशी, की मनीला नोकरी लागली आहे आणि तिला जेवायची सुट्टी फक्त दहा मिनिटं मिळते.

आजी हसली नाही. म्हणाली, "तिचं पोट बघितलंस का? उद्या आली की बघ." दुसऱ्या दिवशी पाहिलं. पोट लोंबत होतं, पण गोलवा नव्हता, आणि आचळांभोवतीचे केस बाजूला होऊन गुलाबी टिकल्या दिसत होत्या. आजीने सांगितलं, खाऊन निघाली की मागे जा, पण दहा पावलं अंतर ठेव. तिला कळलं तर ती भलतीकडेच नेईल. दोनदा तिने मला फसवलं. एकदा चक्क हौदाच्या कठड्यावर बसून अंग चाटत राहिली, मी कंटाळून जाईपर्यंत. तिसऱ्यांदा ती जिन्याखालून वखारीच्या पोटमाळ्यावर गेली. जुन्या गादीच्या खोबणीत तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली.

मी आनंदाने ओरडलो आणि एक उचललं. दुसऱ्या दिवशी गादी रिकामी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. आमच्या मनीला माझ्यामुळे आणखी एक घर शोधावं लागलं. ते मला कधीच सापडलं नाही. महिन्याभराने ती पिल्लांची रांग घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आली. तोवर माझ्या गोष्टीत तिला बढती मिळाली होती.

मांजरवाडी

मी गेली बरीच वर्षं पुण्यात भटक्या मांजरांची नसबंदी आणि देखभाल करते. आधी एक तातडीचं. बोकोबा, पॅरासिटामॉल मांजराला अजिबात देऊ नका, पाव गोळीही नाही. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्त बिघडतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं आणि मांजर जातं. काळूला कधी दिली असेल आणि वाचला असेल तर नशीब म्हणा. ती गाठ मात्र तुम्ही बरोबर ओळखली, चावा वरून बुजतो आणि आत पू धरतो. तिला हळद नाही, डॉक्टर लागतो.

कौलारू, ढब्बूची नसबंदी झाली आहे का? आणि तुमच्या लेकीच्या गोष्टीतल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत का: नखं, जाळी, आणि आधी पाणी पिणं?

कौलारू

नसबंदी गेल्या वर्षी झाली. तिन्ही खऱ्या. पुढच्या दोन्ही पायांची नखं बोथट होऊन टोकाला चिरली होती. मिशांना आणि कानामागे कोळिष्टकं होती. अंगावर जखम एकही नाही. पाणी खूप प्यायला. मग सासूबाईंनी प्रेमाने वाटीभर दूध आणि मासे-भात दिला, तो त्याने पाच मिनिटांत सगळा ओकला.

मांजरवाडी

मग हा लढाईवर गेला नव्हता. लढून आलेल्याला ओरखडे असतात, डोक्यावर, कानांवर, शेपटीच्या मुळाशी. नखं अशी झिजतात ती दार किंवा भिंत खरवडून. (गाडीचा धक्का बसून फरफटला तरी नखं फाटतात, पण मग हनुवटी सोललेली असते, लंगडतो.) कोळिष्टकं म्हणजे माणसांचा वावर नसलेली जागा. तुमच्या मुलीने साक्ष दिली आहे: "त्याने दार वाजवलं, खूप वाजवलं." तो कोंडला गेला होता. गणपतीनंतर तुमच्याकडे कुणाचं घर बंद झालं?

पण एक अडतं. अन्नाशिवाय मांजर नऊ दिवस काढेल, पाण्याशिवाय नाही. तिथे कुठेतरी पाणी असणार.

खाण्याचं मात्र सांभाळा. दूध बंद. उकडलेल्या माशाचा किंवा कोंबडीचा चमचाभर चुरा, दर दोन-तीन तासांनी, दोन दिवस. जाडा बोका उपाशी राहिला की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, आणि मग समोर ठेवलं तरी तो खाईनासा होतो. कानाची आतली बाजू आणि हिरड्या उजेडात बघा. पिवळट दिसल्या किंवा त्याने दिवसभर तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जर्सीकर

आमची शेरी घरातच असते. ती 14 तास हरवली होती, आम्ही सगळ्या गल्लीत कागद चिकटवले. ती सोफ्याच्या आत होती, खालचं कापड फाडून शिरली होती. पाच वर्षांच्या मुलाने आजीला फोनवर सांगितलं, "शेरी सोफ्याला जेवली नाही, सोफा शेरीला जेवला." त्याचं मराठी असंच आहे. पण इथे नेमकं तेच म्हणायचं होतं.

सायंतारा

आमची चिंगी आली नाही. दोन वर्षं झाली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तीही गोष्ट सांगायची, आणि दर वेळी चिंगी नव्या गावाला गेलेली असायची: कधी सांगली, कधी चंद्र, एकदा मामाचं ऑफिस. आम्ही मोठ्यांनी पहिल्या आठवड्यात "गेली असेल" म्हणून शोधणं थांबवलं. वर नऊवारी यांनी बंद खोल्या उघडायला लावा असं लिहिलंय ते वाचून दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. आमच्या इमारतीत तेव्हा दोन फ्लॅट कुलपात होते. मुलगी आता गोष्ट सांगत नाही, मीही विचारत नाही.

नऊवारी_ते_नोकरी

सायंतारा, मला माफ करा. मी घाईत लिहिलं होतं.

बोकोबा

गोळीचं माहीत नव्हतं. डब्यातून काढून टाकली. पण नसबंदी केली की बोका फिरायचाच बंद होतो हे मला पटत नाही.

मांजरवाडी

बंद नाही, कमी होतो. लहान असताना केली तर बराच कमी. उशिरा केली तर जुनी वाट काहीजण सोडत नाहीत.

कौलारू

घ्या, पुढचा भाग. आमच्या मागचं घर मुंबईच्या चाकरमान्यांचं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले, म्हणजे ढब्बू गेला तीच सकाळ. ते असताना तिथल्या ओसरीवर त्याला रोज मासे मिळायचे. राखणदार काकांना सांगून घर पाहिलं. मागच्या दाराला आतून, जमिनीपासून हातभर उंचीवर, लाकडाचे ताजे ओरखडे. माजघरात गळतीखाली ठेवलेलं घमेलं पाण्याने निम्मं भरलेलं. कोपऱ्यातल्या गोणपाटांवर जी घाण होती ती इथे लिहीत नाही.

मी म्हटलं झालं, उलगडलं. तर काका म्हणाले, "वहिनी, मी दार शनिवारी उघडलं. नारळ ठेवायला." आणि ढब्बू आला शुक्रवारी रात्री! मग माळ्यावर चढून पाहिलं. एक कौल सरकलेलं आहे, पण ते माळ्याच्या लाकडी जमिनीपासून चांगलं सहा फूट उंच, आणि खाली चढायला काही नाही. तिथून जायचं तर नऊ दिवस का थांबला? काका म्हणतात कौल माकडांनी सरकवलं असेल. कधी, ते त्यांना माहीत नाही.

तब्येत बरी आहे. कान गुलाबी आहेत. चमचा-चमचा खातोय आणि दर वेळी आणखी मागतोय.

लेकीला ते घर नेऊन दाखवलं. ओरखडे दाखवले, घमेलं दाखवलं. तिने सगळं नीट बघितलं, घमेल्यात हात बुडवला आणि म्हणाली, "हो, इथून खाली जातात." मग माळ्याकडे बघून विचारलं, "आणि उंदीर?" मी म्हटलं, असतील की इथे, बंद घर आहे. तर म्हणे, "मग ढब्बू बारीक कसा झाला?"

मांजरवाडी, याचं उत्तर असेल तर सांगा. मला देता आलं नाही.