मदत हवी आहे: दिवाळी स्कीमचं पत्रक होलसेलरना एका वाचनात कसं कळेल?

नमस्कार मंडळी. माझी साबण-बिस्किटांची डिस्ट्रिब्युटरशिप आहे. दसरा-दिवाळीचं टार्गेट पत्रक काढतोय आणि स्लॅबच्या ओळीवर अडलोय.

गेल्या वर्षी लिहिलं होतं, "३ लाखांपर्यंत १ टक्का, त्यावर दीड टक्का." एका जुन्या होलसेलरनं ३,१०,००० चा माल उचलला. त्यांनी सगळ्या रकमेवर दीड टक्का धरून ४,६५० रुपये मोजले. मी पहिल्या ३ लाखांचे ३,००० आणि वरच्या १० हजारांचे १५०, असे ३,१५० धरले. "त्यावर" या एका शब्दापायी दीड हजाराचा वाद झाला. ते चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

यंदा असं लिहितोय: "३ लाख पूर्ण झाले की पहिल्या रुपयापासून दीड टक्का. रक्कम जीएसटी सोडून, परत आलेला माल वजा करून धरू." खाली हेच ३,१०,००० चं उदाहरण देणार आहे. पुरेसं आहे का?

दुसरी अडचण परतीची. काही जण स्लॅब गाठायला शेवटच्या दोन दिवसांत माल भरतात आणि भाऊबीज झाली की पेट्या परत पाठवतात. म्हणून क्रेडिट नोट दिवाळीनंतर ३० दिवसांनी द्यावी म्हणतो. पण वेळेवर पैसे भरणाऱ्यांना एवढं थांबवणं पटत नाही. तुम्ही हे कसं करता? कोणाकडे जुनं पत्रक असेल तर नावं झाकून फोटो टाका.