मदत हवी आहे: ॲक्युरसी, प्रिसिजन, रिझोल्यूशन यांना मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत तांत्रिक अनुवाद करते. सध्या प्रयोगशाळेतल्या डिजिटल तराजूची माहितीपुस्तिका हातात आहे. आधीच्या अनुवादात तिन्ही शब्दांना ‘अचूकता’च लावलंय! त्यामुळे एकाच तक्त्यात ‘अचूकता’ तीनदा आणि दर वेळी आकडा वेगळा. वाचणाऱ्याने कुठला धरायचा?

फरक मी असा समजून घेतला. तराजूवर २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन पाच वेळा ठेवलं आणि आकडे आले २००.३१, २००.३२, २००.३१, २००.३१, २००.३२. आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, म्हणजे प्रिसिजन उत्तम. पण सगळेच खऱ्या वजनापेक्षा सुमारे ०.३ ग्रॅमने जास्त, म्हणजे ॲक्युरसी कमी. कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी ही चूक जाणार नाही, त्यासाठी कॅलिब्रेशनच करावं लागेल. आणि पडद्यावरचा आकडा ०.०१ च्या टप्प्याने बदलतो, ते रिझोल्यूशन. दोन दशांश स्थळं दिसली की तराजू तितका अचूक असं गिऱ्हाईक समजतं, खरी गोची तिथेच आहे.

ॲक्युरसीला ‘अचूकता’च ठेवते. प्रिसिजनला ‘परिशुद्धता’ लिहावं, तर ‘शुद्ध’मुळे पुन्हा बरोबर-चूक मनात येतं, ‘पुनरावर्तनीयता’ अर्थाला जवळ आहे, पण ती रिपीटेबिलिटीसाठी राखून ठेवावी लागेल, पुस्तिकेत तीही वेगळी दिली आहे. रिझोल्यूशनला ‘विभेदन’ की शाळेतल्या व्हर्नियरचं ‘लघुतम माप’?

तंत्रज्ञ रोज काय बोलतात, ते कुणी सांगाल का?