मदत हवी आहे: जहाजावरच्या जोडीदाराला मेसेजमधून लग्नाचं विचारायचंय

निळीशाई
नमस्कार. माझा जोडीदार बल्क कॅरियरवर सेकंड ऑफिसर आहे. ब्राझीलहून लोहखनिज भरून जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनकडे निघालंय, मध्ये सिंगापूरला इंधनासाठी थांबेल. घरी दोन्हीकडे माहीत आहे, पण 'लग्न करूया का' हे आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही. मला विचारायचंय, आणि तो साइन ऑफ होऊन घरी येईपर्यंत थांबायचं नाहीये. कॉलवर आवाज तुटतो, म्हणून लिहूनच विचारणार. फक्त तो मेसेज 'जेवलास का'च्या रांगेत बसायला नको. मसुदा असा आहे:

'माझ्याशी लग्न करशील? खूप दिवस मनात होतं. तू जहाजावर गेलास की घरातली प्रत्येक गोष्ट तुला सांगायची राहून जाते. उत्तर लगेच दे, मी वाट बघतेय.'

कधी पाठवू, आणि यात काय बदलू?

मोगरा_२
छान! ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी घाल ना. नाहीतर उखाणा? मी दोन-तीन लिहून देते.

निळीशाई
मोगराताई, मनापासून आभार, पण शब्द माझेच हवेत. अडचण वेळेची आणि मांडणीची आहे.

पुणेरी_टेक
शेड्यूल करून ठेव, ठरलेल्या मिनिटाला जाईल. चूक राहिली तर नंतर एडिट करता येतंच.

दर्यावर्दी
शेड्यूल टेलिग्रामवर होतं, साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय नाही. एडिटही फक्त पंधरा मिनिटं. आणि मेसेज तुमच्याकडून वेळेवर गेला तरी त्याचं वायफाय बंद असेल तर एकच टिक दिसत राहील. त्याने फोन जोडला की आईचा मेसेज, बँकेचा मेसेज आणि तुमचा, सगळे एकदम येऊन पडतील.

मी बरीच वर्षं जहाजावर होतो, म्हणून सांगतो. सेकंड ऑफिसरचा वॉच, म्हणजे जहाज चालवतात त्या ब्रिजवरची पाळी, बहुतेक जहाजांवर बारा ते चार असतो, दुपारी आणि रात्रीही. दुपारी चारला ब्रिजवरून उतरला की चहा घेतो आणि मग फोन हातात येतो. साडेचार धरा. पण हे जहाजावरच्या घड्याळाचे साडेचार. पूर्वेकडे जाताना तिथली घड्याळं टप्प्याटप्प्याने एकेक तास पुढे करतात. ब्राझीलच्या वेळेवर असताना तिथले दुपारचे साडेचार म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. दक्षिण आफ्रिकेच्या वेळेवर आले की आपले रात्रीचे आठ. अजून एक तास पुढे केला की सात. म्हणून आदल्या दिवशी सहज विचारा, 'आज घड्याळ किती पुढे केलं?' जहाजावरच्या माणसाला हा प्रश्न रोजचाच, त्याला शंका येणार नाही.

बंदरात असताना अजिबात नको. तिथे कार्गो, एजंट, तपासण्या, झोपेचं खोबरं. केप ओलांडून हिंदी महासागर लागला की सलग दिवस मोकळे मिळतात.

आता मजकूर. तुमचा प्रश्न पहिल्याच ओळीत आहे. लॉक स्क्रीनवर पहिली ओळच दिसते. मेसमध्ये फोन टेबलावर असेल तर शेजारचा थर्ड इंजिनिअर आधी वाचेल. पहिला मेसेज वेगळा पाठवा: 'केबिनमध्ये एकटा असलास की सांग.' तो 'आहे' म्हणाला की दुसरा. प्रश्न शेवटी ठेवा आणि त्यानंतर काहीही पाठवू नका, एक इमोजीसुद्धा नाही. 'लगेच दे' काढाच. नेट मध्येच गेलं तर तुम्ही रात्रभर जाग्या राहाल आणि तो तिकडे तडफडेल.

केबिनखिडकी
काकांचं बाकी सगळं पटलं, वेळ नाही पटली. माझा नवराही बारा-चार करायचा. संध्याकाळी त्यांच्यामागे चार्टचं काम असतं, मध्यरात्रीच्या वॉचआधी झोपही काढायची असते. पहाटे चारनंतर मात्र कुणी दार वाजवत नाही. आफ्रिकेच्या वेळेवर पहाटेचे साडेचार म्हणजे इथे सकाळचे आठ, तूही ताजीतवानी असशील. आमचं लग्नाचं बोलणं त्याच वेळेला झालं होतं.

दर्यावर्दी
चार तास अंधारात उभा राहून आलेला माणूस थेट बिछान्यात पडतो हो. माझं मत दुपारीच.

पुणेरी_टेक
शेड्यूलबद्दल माझी गल्लत झाली. अंगठीचं काय?

दर्यावर्दी
सिंगापूरला कुणी जॉइन होणार असेल तर त्याच्या बॅगेत छोटं पाकीट जाऊ शकतं. मात्र त्या माणसाची आधी ओळख हवी. अंगठीपेक्षा हाताने लिहिलेलं पत्र द्या, हरवलं तरी पुन्हा लिहिता येतं.

निळीशाई
सर्वांचे आभार. नवा मसुदा:

'तू नसताना आज गॅलरीतल्या कढीलिंबाला नवी पालवी आली. आधी फोटो काढला, मग वाटलं हे तुला फोटोतून का सांगायचं? पुढची प्रत्येक पालवी आपण एका घरात बघावी असं मला वाटतं. सावकाश उत्तर दे, नेट नसलं तरी मी समजून घेईन. माझ्याशी लग्न करशील?'

पहाटे की दुपारी, ते त्याच्या झोपेच्या वेळा बघून या आठवड्यात ठरवते. आणि एक राहिलंच. त्याच्या आईला आधी सांगावं का? त्या रोज त्याला मेसेज करतात, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.