मदत हवी आहे: एपीएमधली संदर्भयादी व्हँकुव्हरमध्ये

पहिल्या जर्नलने पेपर नाकारला. तिथे एपीए शैली होती, नव्या जर्नलला व्हँकुव्हर हवी आहे, म्हणजे मजकुरात आडनाव-वर्षाऐवजी क्रमांक आणि यादी अकारविल्हे न लावता उल्लेखाच्या क्रमाने. एकूण ६२ संदर्भ आहेत.

झोटेरोत शैली बदलून पाहिली, काहीच हललं नाही. सबमिट करण्याआधी मीच `Unlink Citations` केलं होतं (आता कपाळाला हात!), त्यामुळे वर्डमध्ये सगळा साधा मजकूर उरला आहे. लिंक असलेली जुनी प्रत सापडली, तिच्यात शैली लगेच बदलते; पण त्यानंतर चर्चेचा भाग बराच बदलला आणि नऊ संदर्भ वाढले. झोटेरोच्या लायब्ररीत सगळे ६२ आहेत.

नवा मजकूर जुन्या प्रतीत चिकटवून फक्त तिथलेच संदर्भ पुन्हा घातले, तर क्रमांक सुरुवातीपासून आपोआप नीट लागतील का?