मदत हवी आहे: ६ मीटर स्पॅनचा आयएसएमबी २५० मोमेंटमध्ये बसतो, डिफ्लेक्शनमध्ये बसत नाही. नेमके कोणाचे ऐकावे?

कोयनाकाठ

नमस्कार. मी स्थापत्य पदविकाधारक असून एका छोट्या कंत्राटदाराकडे काम करतो. एका दुकानाच्या आत वरचा मजला करायचा आहे. खोली १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. रुंदीच्या दिशेने दर २ मीटरवर एक याप्रमाणे पाच लोखंडी बीम टाकायचे आणि त्यांवर १०० मिमीचा साधा आरसीसी स्लॅब ओतायचा, असे ठरले आहे. बीमची टोके भिंतीवरच्या काँक्रीट ठोकळ्यांवर नुसती टेकलेली असतील, म्हणून मी ती साधी आधारित धरली.

स्लॅबचे वजन २.५, फरशी व खालचा थर ०.८ आणि दुकानाचा चल भार ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला. त्याला २ मीटरने गुणल्यावर १४.६ आणि बीमचे स्वतःचे वजन मिळवून १५ किलोन्यूटन प्रति मीटर झाले. त्यावरून कमाल मोमेंट ६७.५ किलोन्यूटन-मीटर येतो. २५० ग्रेडच्या पोलादासाठी अनुज्ञेय ताण १६५ धरला, तेव्हा लागणारा सेक्शन मॉड्युलस ४०९ घन सेंमी निघाला. तक्त्यात आयएसएमबी २५० चा ४१०.५ आहे, म्हणून तोच निवडला आणि फॅब्रिकेटरने तो आणूनही टाकला.

आता आमचे वरिष्ठ म्हणतात, "३०० घाल." कारण विचारले, तर "अनुभव" एवढेच उत्तर मिळते. मी डिफ्लेक्शन काढले तर २४.७ मिमी आले, आणि स्पॅन भागिले ३२५ प्रमाणे मर्यादा १८.५ मिमी आहे. ताण मर्यादेत असताना बीम एवढा वाकतो कसा, की माझ्याच आकडेमोडीत चूक आहे?

ताडपत्री

मोमेंट मर्यादेत असला तरी आधाराजवळ शिअरमध्ये बीम जातो, असे मी ऐकले आहे. तुम्ही शिअर तपासल्याचे कुठेच लिहिलेले नाही. माझ्या मते वरिष्ठांना तीच शंका असावी.

कोयनाकाठ

तपासला आहे, लिहायचा राहिला. टोकाची प्रतिक्रिया ४५ किलोन्यूटन आहे. २५० मिमी उंची आणि ६.९ मिमी जाडीच्या वेबवर ती वाटली तर सरासरी २६ न्यूटन प्रति चौरस मिमी येते, आणि मर्यादा १०० आहे. म्हणजे शिअरची सुमारे चौथाईच क्षमता वापरली जाते.

जुना_ओळंबा

आपली आकडेमोड बरोबर आहे. चूक असलीच, तर ती क्रमाची आहे. शिअरचा प्रश्न आखूड स्पॅनवर मोठा भार येतो तेव्हा उभा राहतो, उदाहरणार्थ दीड मीटरच्या बीमवर खांब टेकवला तर. सहा मीटरवर पसरलेल्या भाराला तो तपासून पुढे जावे, त्यावर चर्चा करण्यासारखे काही नाही.

डिफ्लेक्शनचे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या वरिष्ठांच्या "अनुभवा"मागे एक साधे गणित आहे. आपण सगळे हे सूत्र वापरतो:

```
δ = 5wL⁴ / (384EI)
```

आता त्यात भाराऐवजी मोमेंट आणि मोमेंटऐवजी ताण घाला. भार निघून जातो आणि उरते एवढेच:

```
δ/L = (5/24) × (f/E) × (L/d)
```

याचा अर्थ असा की, पूर्ण १६५ ताणाला नेलेला समभाराचा बीम किती वाकेल, हे भारावर नव्हे तर स्पॅन बीमच्या उंचीच्या किती पट आहे यावर ठरते. ३२५ ची मर्यादा पाळायची असेल, तर ही पट सुमारे १८ च्या आत हवी. तुमची पट ६००० भागिले २५०, म्हणजे २४ आहे. म्हणून तुम्ही सेक्शन मॉड्युलस काठोकाठ जुळवलात, तेव्हाच डिफ्लेक्शन हाताबाहेर जाणार हे ठरून गेले होते. पट १८ च्या वर दिसली की मी तक्त्यात आधी जडत्व आघूर्णाचा रकाना पाहतो आणि सेक्शन मॉड्युलस नंतर तपासतो. तुम्हाला सुमारे ६८५५ सेंमी⁴ लागते आणि २५० कडे ५१३१.६ आहे. ३०० कडे जुन्या तक्त्याप्रमाणे ८६०३.६ आहे, त्यामुळे तो १४.७ मिमी वाकेल आणि त्यातला ताणही ११८ वर उतरेल.

विटेवर_वीट

मी अंतिम वर्षाला आहे. आपण सगळे १९८४ च्या जुन्या संहितेने चाललेलो दिसतो. २००७ च्या आयएस ८०० मध्ये प्लास्टिक मॉड्युलस घेतात आणि २५० साठी तो ४६५.७ आहे. भार दीडपट केला तर मोमेंट १०१.३ होतो आणि क्षमता १०५.८ येते. म्हणजे नव्या पद्धतीने २५० आरामात पास आहे, मग ३०० कशासाठी?

जुना_ओळंबा

क्षमतेचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. २५० तुटेल असे येथे कोणीच म्हणत नाही, जुन्या पद्धतीनेही तो पासच होता. डिफ्लेक्शन दोन्ही पद्धतींत दीडपट न केलेल्या भाराने काढतात आणि त्यात प्लास्टिक मॉड्युलस कुठेच येत नाही. पद्धत बदलल्याने लोखंड कमी वाकत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे प्लास्टिक मॉड्युलसला १६५ ने गुणण्याची सरमिसळ कधी करू नका. मी ती छापील आराखड्यांतही पाहिली आहे.

विटेवर_वीट

मान्य आहे, सर. तरीही २००७ च्या तक्त्यात मजल्याच्या बीमची मर्यादा चल भारासाठी दिली आहे. तडे जाण्याजोगे काही असेल तर स्पॅन भागिले ३६०, नाही तर ३००. येथे चल भार १५ पैकी ८ आहे. त्याचे डिफ्लेक्शन १३.२ मिमी येते आणि ३६० ची मर्यादा १६.७ आहे. हा मुद्दा तरी खोडता येईल का?

जुना_ओळंबा

नाही, हा मुद्दा खोडता येत नाही. संहितेच्या शब्दाला धरून चालणारा अभियंता २५० वर सही करू शकतो. मी करणार नाही, आणि त्याचे कारण सांगतो. कायम भाराने बीम साडेअकरा मिमी आधीच खाली आलेला असेल. स्लॅब ओतताना वरचा पृष्ठभाग सपाट ओढला जातो, म्हणजे मध्यभागी तेवढे काँक्रीट जास्त बसते आणि आपण न धरलेले वजन वाढते.

शिवाय खाली काय आहे ते पाहावे. एका दुकानात अशाच बीमखाली सरकत्या काचेच्या दाराची पट्टी घट्ट बसवली होती. वर माल नसताना दार एका बोटाने सरकत असे. दिवाळीपूर्वी वर कापडाचे गठ्ठे रचले आणि दार मधोमध अडकू लागले. मालकाला वाटले की दाराची चाके गेली. आम्ही बीमच्या खालच्या फ्लँजवर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला, तेव्हा मधोमध दोरा आणि फ्लँज यांत करंगळी जाईल एवढा बाक स्पष्ट दिसला. त्या बीमचा ताण पूर्णपणे मर्यादेत होता.

अंगणवेल

माझाही असाच प्रश्न आहे. घरातील स्वयंपाकघर आणि हॉल यांमधील भिंत काढायची आहे, अंतर ३ मीटर आहे आणि वर एक मजला आहे. मिस्त्री १५० चे दोन चॅनेल पुरतील असे म्हणतो. वरच्या सूत्राने ३००० भागिले १५० म्हणजे २० आले, म्हणजे थोडेच जास्त आहे. चालेल का?

जुना_ओळंबा

ताई, ती पट ताण पूर्ण वापरला असेल तेव्हाची आहे, आणि तुमच्या चॅनेलमध्ये ताण किती येतो हे आपल्याला ठाऊकच नाही. वरची भिंत त्या चॅनेलवर बसते की स्लॅबही, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणीही होकार देऊ नये. भिंतीला हात लावण्यापूर्वी अभियंत्याला घरी बोलवा. कृपया वेगळा धागा काढा, म्हणजे दोन्ही प्रश्नांची सरमिसळ होणार नाही.

कोयनाकाठ

सर, आता पट्टीचा मुद्दा पूर्ण कळला, धन्यवाद. खाली दुकानाच्या दर्शनी भागात काचच आहे. पण पाच बीम जागेवर येऊन पडले आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो की वर आणि खाली १०० × ६ ची पट्टी वेल्ड करून देतो. ते करावे का?

जुना_ओळंबा

गणिताने ते बसते. दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर लावल्या तर सुमारे १९६६ सेंमी⁴ ची भर पडते आणि डिफ्लेक्शन १७.८ वर येते. पण पट्ट्यांचे वजन मीटरला साडेनऊ किलो होईल, तर जुन्या तक्त्याप्रमाणे २५० आणि ३०० मधील फरक मीटरला सातच किलो आहे. म्हणजे पाच बीम बदलून तुम्ही दोनशे किलोच जास्त लोखंड घेता आणि वेल्डिंगची मजुरी वाचते. बीम कापलेले नसतील तर परत करणे स्वस्त पडेल.

आणखी एक पर्याय कागदावर फार गोंडस आहे. आयएसएलबी ३०० चे वजन मीटरला ३७.७ किलो, म्हणजे २५० इतकेच, आणि त्याचे जडत्व आघूर्ण ७३३२.९ आहे. डिफ्लेक्शन १७.३ येते, म्हणजे तेवढ्याच लोखंडात काम होते. अडचण एवढीच की आमच्याकडच्या व्यापाऱ्यांकडे तो सहसा मिळत नाही. तुमच्या शहरात मिळाला तर पुन्हा विचार करा.

ताडपत्री

शिअरबद्दल मी उगाच बोललो हे आता लक्षात आले. पण १६५ हा ताण वापरताना वरची फ्लँज बाजूला झुकू नये ही अट असते ना? स्लॅब ओतेपर्यंत ती कशाने धरलेली असते?

जुना_ओळंबा

हा या धाग्यातील सर्वांत चांगला प्रश्न आहे. स्लॅब घट्ट झाल्यावर तो फ्लँजला धरतो, असे आपण मानतो. ओतताना मात्र वर फक्त फळ्या असतात. सहा मीटर मोकळ्या २५० साठी १९८४ च्या सूत्राने अनुज्ञेय ताण सुमारे ७० च उरतो. ओल्या काँक्रीटचे वजन, बीमचे वजन आणि माणसांचा दीड किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार मिळून ताण ९२ येतो. म्हणजे २५० चा खरा धोका वापरात नाही, ओतण्याच्या दिवशी आहे. ३०० सुद्धा त्या दिवशी जेमतेम बसतो, म्हणून पाचही बीम मध्यभागी वरच्या फ्लँजपाशी अँगलने एकमेकांना जोडा आणि तो अँगल दोन्ही टोकांना भिंतीत अडकवा. नाही तर पाचही बीम मिळून एकाच दिशेला झुकतील.

स्लॅब नुसता फ्लँजवर टेकलेला असेल तर तो नंतर तरी फ्लँज धरतो का, यावर माझे आणि माझ्या एका मित्राचे वीस वर्षे एकमत झालेले नाही. तो घर्षण पुरते म्हणतो. मी फ्लँजवर सळईचे तुकडे वेल्ड करून स्लॅबमध्ये गाडतो.

कोयनाकाठ

व्यापारी चार बीम परत घ्यायला तयार आहे. पाचवा फॅब्रिकेटरने काल सकाळीच ५.९ मीटरला कापून ठेवला. ३०० चे पाच उद्या येतील. मधल्या अँगलसाठी भिंतीत खाचा पाडायला मालकाची परवानगी अजून मिळालेली नाही, ती मिळाली की येथे कळवतो.