एकच जाहिरात चौथ्यांदा: माणसं पळतायत की कंपनी वाढतेय?

फोंडेकर: वेर्ण्याच्या एका औषध कंपनीची क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमधल्या अ‍ॅनालिस्टची जाहिरात जानेवारी, मार्च, मे आणि आता जुलै अशी चार वेळा दिसली. अनुभव आधी ४ ते ७ वर्षं मागत होते, आता २ ते ५. कंपनीचा माणूस म्हणतो विस्तार चाललाय. मी कुंडईत ५ वर्षं एचपीएलसीवर आहे. यातून काय समजायचं?

म्हापसेकर: समजायचं काय त्यात? चार जाहिराती म्हणजे चार माणसं पळाली. लांबच राहा.

माजी एचआर, वास्को: म्हापसेकरबाब, आधी भागाकार करा. समजा लॅबमध्ये ४० जण आहेत आणि वर्षाला शंभरात १५ सोडतात. म्हणजे वर्षाला ६ जागा रिकाम्या होणार, दर दोन महिन्यांनी एक. अशा लॅबची ही जाहिरात अगदी नेहमीची. पण लॅब ८ जणांची असेल आणि सात महिन्यांत खरंच चार जागा रिकाम्या झाल्या असतील, तर निम्मी लॅब गेली. जाहिरात तीच, अर्थ उलटा.

दुसरं म्हणजे, चार जाहिराती म्हणजे चार जागाच असं नाही. पोर्टलवर जुनी जाहिरात पुन्हा टाकली की तारीख ताजी होते. म्हणून दिसली त्या दिवशीच स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि जॉब आयडी बघावा. आयडी आणि मजकूर तेच असतील तर बहुधा एकच जागा भरलीच जात नाहीये. वर तीच जागा दोन-तीन कन्सल्टन्सी ‘वेर्णा येथील नामांकित कंपनी’ म्हणून फिरवतात, ती वेगळी मोजायची नाही.

जाहिरात निघून चार-पाच महिने गायब झाली आणि मग तशीच परत आली, तर मात्र कान टवकारा. माणूस आला आणि प्रोबेशनमध्येच गेला, असा संशय घ्यायला जागा आहे.

कळंगुटची शेफ: आमच्या हॉटेलात दर ऑगस्टला तीच जाहिरात लागते, कुक, स्टुअर्ड, हाउसकीपिंग. कुणी पळालेलं नसतं, ऑक्टोबरपासून सीझन असतो म्हणून घेतात. तुमच्या कंपनीचंही तसंच असेल.

माजी एचआर, वास्को: ताई, हॉटेलाला ते लागू, क्यूसीला नाही. औषधाची बॅच पावसात पण तपासावीच लागते.

फोंडेकर, विस्ताराबद्दल सांगतो. नवा ब्लॉक उभा राहतो तेव्हा एकटा अ‍ॅनालिस्ट नाही मागत. इंजिनीअरिंग, प्रॉडक्शन, मायक्रोबायोलॉजी, वेअरहाऊस अशा जाहिराती आगेमागे येतात, आणि सेक्शन हेड किंवा शिफ्ट इन-चार्ज आधी घेतात, हाताखालची माणसं नंतर. सात महिने फक्त एकाच पायरीची जागा येत असेल तर मी ती भरपाईच समजेन. अनुभव खाली आलाय, त्यावरून वाटतं की ४ ते ७ वर्षांचा माणूस त्यांच्या पगारात मिळत नाही. घाई ओळखायची तर ‘तात्काळ रुजू होणारे’ हे शब्द, रविवारचा वॉक-इन आणि अचानक छापलेला पगार बघा.

म्हापसेकर: हे सगळं ठीक, पण लॅबमध्ये ४० आहेत की ८, हे बाहेरच्याला कसं कळणार? तुमचा भागाकार तिथेच अडतो.

माजी एचआर, वास्को: अडतो खरा, पण पूर्ण नाही. ईपीएफओच्या साइटवर Establishment Search मध्ये कंपनी शोधा. महिनावार किती जणांचा पीएफ भरला ते दिसतं. आकडा महिन्यागणिक चढत असेल तर विस्तारावर विश्वास ठेवा. सपाट असेल आणि जाहिराती चालू असतील, तर येणारे आणि जाणारे सारखेच. ठेकेदाराची माणसं ठेकेदाराच्या पीएफ कोडवर असतात, ती यात येत नाहीत.

फोंडेकर: बघितलं. आकडा सहा महिने जवळजवळ हललेला नाही. पण कोड मुंबईचा आहे, सगळे प्लांट त्यात एकत्र दिसतात.

माजी एचआर, वास्को: मग वेर्ण्याबद्दल त्यातून काही सांगता येणार नाही. कंपनी शेअर बाजारात मोठी असेल तर वार्षिक अहवालातला बीआरएसआर हा भाग उघडा, त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचा दर तीन वर्षांचा असतो. तोही सगळ्या कंपनीचाच.

वेर्णा नाइट शिफ्ट: एक राहिलं. यूएसएफडीएचं इन्स्पेक्शन जवळ आलं की क्यूसीत माणसं वाढवतात, मागचा डेटा आणि कागद साफ करायला. ती ना गळती ना विस्तार. काम संपलं की नवी भरती थांबते. मी त्यातून गेलोय, सलग रात्रपाळ्या मारल्या.

माजी एचआर, वास्को: शक्य आहे, पण तेव्हा क्यूए आणि डॉक्युमेंटेशनच्या जाहिरातीही बरोबर येतात. फोंडेकर, त्या दिसल्या का?

फोंडेकर: एक क्यूएची होती, एप्रिलमध्ये. आयडी मात्र टिपून ठेवला नाही.

म्हापसेकर: एका जाहिरातीवरून इन्स्पेक्शन? मी अजून गळतीच म्हणतो.

माजी एचआर, वास्को: म्हणा. फोंडेकर, अर्ज करा आणि मुलाखतीत दोनच गोष्टी विचारा: ही जागा नवी की कुणाच्या जागेवर, आणि आधीचा माणूस किती महिने टिकला. पहिल्याचं उत्तर बहुतेक ‘नवी’ असंच देतील. दुसऱ्याला एचआर अडखळतो की लॅबचा हेड, ते बघा.

फोंडेकर: शनिवारी बोलावलंय. नोटीस किती दिवसांची, हे त्यांनी फोनवरच दोनदा विचारलं.