मदत हवी आहे: नाताळच्या केकच्या शेवटच्या तारखा इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये कशा लिहू?

वसईकरीण: मी घरून केक करते. गेल्या वर्षी 18 डिसेंबरला कॅप्शन टाकलं, 'ऑर्डरसाठी शेवटचे 2 दिवस!' एका बाईंना ते दिसलं 22 ला. त्यांनी दोन दिवस तिथून मोजले आणि 24 ला केक मागितला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी मला नाही म्हणावं लागलं. फार वाईट वाटलं. यंदा नाताळ गुरुवारी आहे. प्लम केकची ऑर्डर शनिवार 20 पर्यंत, क्रीम केकची रविवार 21 पर्यंत घेणार. बाहेरगावी फक्त प्लम केक, त्याची ऑर्डर सोमवार 15 पर्यंत, पार्सल 17 ला निघेल. वसई-विरारमध्ये 24 ला संध्याकाळी 5 पर्यंत घरपोच. तीन कॅप्शन कशी पाडू?

रीलवाला: कॅप्शन कोण वाचतं? स्टोरीत काउंटडाउन लावा आणि व्हॉट्सॲपची लिंक कॅप्शनमध्ये द्या.

ओव्हनआजी: स्टोरीचं बरोबर आहे. ती 24 तासांत जाते, म्हणून 'आज शेवटचा दिवस' तिथेच शोभतं. पण कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, ती बायोत ठेवा.
वसईकरीणताई, पोस्ट लोकांना चार दिवसांनीही दिसते. म्हणून 'उद्या', '2 दिवस' हे शब्द नकोतच, वार आणि तारीख लिहा. मालिका केकच्या प्रकाराने नको, केक कुठे जाणार त्याने पाडा. पुण्याच्या भावाला पाठवणारीला 20 तारीख दिसली की ती फसते. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, तेव्हा तारीख तिथेच हवी:
'बाहेरगावी प्लम केक: ऑर्डर सोमवार 15 डिसेंबर, रात्री 8 पर्यंत.'
'वसई-विरार घरपोच: प्लम केक शनिवार 20, क्रीम केक रविवार 21 पर्यंत सांगा. केक 24 ला संध्याकाळी 5 पर्यंत घरी.'
तिसरी घरी येऊन नेणाऱ्यांसाठी, त्यात नेण्याची वेळ. पार्सल 17 ला निघणार हे ऑर्डर पक्की झाल्यावर कळवा. त्या कॅप्शनमध्ये 17 दिसली की लोक तीच ऑर्डरची शेवटची तारीख धरतात.

नाशिकची_लेक: मी फळं संत्र्याच्या रसात भिजवते. तुमच्याकडे रम असेल तर तेही लिहा हं. माझ्या एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून आणलेला केक न खाता परत केला होता.

वसईकरीण: रम आहे, लिहीन. मुदत संपल्यावर पोस्ट काढून टाकू?

ओव्हनआजी: नको. कॅप्शन एडिट करून पहिल्या ओळीत 'बाहेरगावच्या ऑर्डरी बंद' लिहा. पोस्ट शेअर केलेली असते, ती उघडणाऱ्याला उत्तर मिळतं.

वसईकरीण: आणि 20 च्या आधीच ओव्हन भरला तर? माझ्याकडून 40 च केक होतात.

ओव्हनआजी: 'किंवा 40 केक होईपर्यंत' हे तारखेशेजारीच लिहा.

रीलवाला: ते वाचून लोकांना वाटेल, घाई करायला लावताय.

ओव्हनआजी: आकडा खरा आहे ना? मग लिहावाच.

नाशिकची_लेक: मी आकडा लिहीत नाही. आगाऊ पैसे आले तरच ऑर्डर पक्की, एवढंच लिहिते. पण माझे 15 च केक असतात, 40 ला ते पुरेल का, सांगता येत नाही.